लिपिकेच्या कामाचा आकडा कुठे सापडतो?

आज आपण एका अशा कामाबद्दल बोलणार आहोत, जे रोज होतं पण मोजलं जात नाही. शेळ्या पाळणाऱ्या बाईला विचारलं की वर्षात काय कमावलं, तर ती करडं मोजून दाखवते. पापडाचा गट किलो सांगतो, कर्ज फेडणारी हप्ते सांगते. पण जी बाई दुसऱ्यांच्या वह्या लिहिते, कागद जुळवते, फोन करून आठवण देते, तिनं काय सांगायचं? "मी मदत केली" एवढंच ना? आणि त्यावर कुणी म्हणालं की, "मदत तर सगळ्याच करतात," तर ती गप्प बसते.

आमच्या एका ग्रामसंघात २०२४ च्या मार्चमध्ये नेमकं असंच घडलं. वर्षाचा जमाखर्च वाचून झाला आणि पुढच्या वर्षाच्या खर्चाचा विषय निघाला. त्या ग्रामसंघात १४ गट आहेत. लिपिकेला ग्रामसंघ स्वतःच्या उत्पन्नातून महिन्याला १,५०० रुपये मानधन देतो, म्हणजे वर्षाचे १८,००० झाले. एका गटाच्या अध्यक्षा उठल्या आणि म्हणाल्या, "अठरा हजारांत दोन शेळ्या येतात. ही पोरगी वह्या लिहिते, ते खरंय. पण शिकलेल्या सुना आता घरोघरी आहेत, त्या लिहितील की."

लिपिकेनं आपला कागद पुढे केला. तिनं त्यावर लिहिलं होतं की वर्षात १४ गटांच्या वह्या लिहिल्या, ३८ बैठकांना हजर राहिले, ३ प्रशिक्षणं केली, ११ कर्ज प्रकरणं तयार केली. त्या अध्यक्षांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, हे तू काय केलंस ते झालं. त्यानं आमचं काय झालं?"

प्रश्न बोचरा होता, पण बरोबर होता. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आणि लिपिका आमच्याकडे आली. आम्ही म्हणजे प्रभागातल्या दोघी समन्वयक. आम्हालाही तोपर्यंत असा हिशेब कधी मांडावा लागला नव्हता, त्यामुळे पुढे जे केलं त्यात चुकाही झाल्या. त्या चुकांसकट सांगतो.

आधी आम्ही लिपिकेला विचारलं, "तू दोन महिने आली नाहीस तर कुणाचं अडेल?" ती म्हणाली, वह्या मागे पडतील, पण त्या नंतर भरता येतात. खरं अडेल ते कर्ज प्रकरण टाकणाऱ्या गटांचं. इथे आम्हाला धागा सापडला. आधाराचं काम करणाऱ्या बाईचा आकडा तिच्या स्वतःच्या कामात शोधला की फक्त बैठका आणि वह्या हाती लागतात. तो शोधायचा जिला मदत झाली तिच्याकडे. तिच्या किती चकरा वाचल्या, किती दिवस वाचले, किती कागद परत आले नाहीत, हे बघायचं.

आता कर्ज प्रकरणात नेमकं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. गट बँकेकडे अर्ज करतो, सोबत ठराव, सभासदांची यादी, पदाधिकाऱ्यांचे आधार-पॅन, फोटो, करारनामा जातो. बँक गटाच्या वह्याही बघते, कारण गट निदान ६ महिने नियमित चालू आहे हे वह्यांवरूनच ठरतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मग कुठे ठरावावर एक सही राहिलेली असते, कुठे आधारवर "सुनीता" आणि वहीत "सुनिता" असतं, कुठे पासबुक तीन महिन्यांपासून भरून आणलेलं नसतं. साहेब फाइल परत देतात. अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात, म्हणून दोघींना परत तालुक्याला जावं लागतं. त्या दिवशीचा रोज बुडतो.

आमच्या लिपिकेनं एप्रिल २०२३ पासून एक सवय लावून घेतली होती. प्रकरण बँकेत जाण्याआधी ती गटात बसून एकेक कागद तपासायची. नावं आधारशी ताडून बघायची, सह्या मोजायची, पासबुक भरून आणायला लावायची. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याची एक यादीच होती. त्याआधीची दोन वर्षं ती वह्या लिहायची, पण प्रकरण गट आपापलं घेऊन जायचे. म्हणजे आम्हाला "आधी" आणि "नंतर" असे दोन भाग आपोआप मिळाले. आधीच्या दोन वर्षांत ९ प्रकरणं गेली होती, नंतरच्या एका वर्षात ११.

मग प्रश्न आला की जुन्या चकरा मोजायच्या कशा? आम्ही पहिली चूक इथे केली. गटांना जाऊन विचारलं, "आधी किती चकरा व्हायच्या?" सगळ्या म्हणाल्या, "दहा-बारा तर झाल्याच असतील." त्रासाची आठवण अशीच असते, ती फुगते. तो आकडा बैठकीत ठेवला असता तर कुणीतरी म्हणालंच असतं की आमच्या तर तीनच झाल्या.

म्हणून आम्ही कागदाकडे वळलो. पदाधिकारी बँकेत गेल्या की गट त्यांना प्रवास खर्च देतो आणि त्याचं व्हाउचर करतो. ही व्हाउचरं कुणी चकरा मोजायला केलेली नसतात, पण तारखेसकट चकरा त्यात पडलेल्या असतात. शिवाय बँकेची पोच असते, परत केलेल्या फाइलवर पेन्सिलीनं लिहिलेली त्रुटी असते, ठरावाच्या वहीत "बँकेत जाण्याचे ठरले" अशी ओळ असते. आवक-जावक, हजेरी, पासबुक, फोनमधले मेसेज हे सगळे असेच साक्षीदार आहेत. नवीन रजिस्टर काढण्याआधी जुनं काय पडलंय ते बघा.

तीन गटांची व्हाउचरं मिळाली नाहीत. तिथे आठवणीवरच जावं लागलं, पण विचारण्याची पद्धत बदलली. "किती वेळा गेलात?" असं न विचारता, "पहिल्यांदा गेलात ते पोळ्याच्या आधी की नंतर? तेव्हा सोबत कोण होतं? परत का पाठवलं? मग पुढच्या खेपेला काय नेलं?" असं एकेक चकर धरून विचारलं. दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघींचं जुळलं तो आकडा घेतला, नाही जुळलं तिथे कमीचा घेतला. आणि कागदावर त्या तीन आकड्यांपुढे "आठवणीवरून" असं लिहिलं.

एक गोष्ट आणखी. आम्ही आधी चकरांऐवजी प्रवास खर्चाचे रुपयेच मोजायला घेतले होते, कारण ते सोपं होतं. रुपये निम्म्याहूनही जास्त उतरलेले दिसले. आम्ही खूश! मग आमच्यातलीच एक म्हणाली, "अगं, मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं ना." एका बाजूचे ४० रुपये लागायचे ते २० झाले होते. म्हणजे रुपये उतरले त्याचं बरंचसं श्रेय सरकारी सवलतीचं होतं, लिपिकेचं नव्हे. रुपये सोडून आम्ही परत चकरांवर आलो. आकडा एकदम फार छान दिसला की थांबून बघावं, वाटेत दुसरं काही बदललंय का.

आता मोजलेलं सांगतो. आधीच्या ९ प्रकरणांच्या चकरा अशा होत्या: एका गटाच्या २, तीन गटांच्या ३, चार गटांच्या ४, आणि एका गटाच्या तब्बल ११. नंतरच्या ११ प्रकरणांत आठ गटांच्या २ चकरा झाल्या आणि तीन गटांच्या ३. दोनपेक्षा कमी होणं शक्यच नाही, कारण एकदा प्रकरण द्यायला आणि एकदा करारावर सही करायला जावंच लागतं.

सरासरी काढली तर आधीची ४ च्या थोडी वर येते. पण त्यात तो ११ चा गट बसलाय. त्या गटाच्या अध्यक्षांचं माहेरचं नाव आधारवर होतं आणि सासरचं पासबुकावर, त्यामुळे त्यांची वरात निघाली होती. तो एक गट काढला तर बाकीच्या आठांची सरासरी साडेतीनच्याही आत येते. एका गटामुळे आकडा असा वरखाली होत असेल तर सरासरी सांगू नये. त्याऐवजी मधला आकडा घ्यावा. शाळेत मुलींना उंचीप्रमाणे रांगेत उभं करतात आणि मधोमध कोण आहे ते बघतात, तसं चकरांचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लिहायचे आणि मधला उचलायचा. नऊ आकड्यांत पाचवा मधला, तो निघाला ४. अकरांत सहावा मधला, तो निघाला २. म्हणजे चारच्या दोन झाल्या. आणि तो ११ चा गट लपवला नाही, त्याची हकिकत खाली वेगळी लिहिली.

एका प्रकरणामागे दोन चकरा वाचल्या, तर ११ प्रकरणांच्या २२ चकरा वाचल्या. प्रत्येक चकरेला दोघी जातात, म्हणजे ४४ जणींचं जाणं-येणं वाचलं. जाऊन-येऊन ४० रुपये धरले तर १,७६० रुपये भाड्याचे वाचले. आता रोज बुडण्याचं. सगळ्या दिवसांचा रोज धरणं बरोबर नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडे शेतात काम नसतं, तेव्हा बँकेत गेलं तरी रोज बुडत नाही. म्हणून तारखा बघितल्या. ११ पैकी ७ प्रकरणं जून ते नोव्हेंबरमधली होती, खुरपणी-काढणीच्या दिवसांतली. तेवढ्याच धरल्या. सात प्रकरणं, प्रत्येकी दोन चकरा, दोघी जणी, म्हणजे २८ दिवस. खुरपणीचा रोज २५० धरला तर ७,००० रुपये. एकूण ८,७६० रुपये.

लिपिकेचा चेहरा पडला. "ताई, मला तर अठरा हजार मिळतात. हे निम्मेसुद्धा नाही."

इथे मोह होतो मैत्रिणींनो, आणि आम्हालाही झाला. आमच्यातली एक म्हणाली, त्या ११ प्रकरणांत जेवढं कर्ज मंजूर झालं त्याची बेरीज टाका, आकडा लाखांत जाईल. लाखांचा आकडा खरा होता, पण तो लिपिकेचा नव्हता. कर्ज बँकेनं दिलं आणि ते गटांच्या नियमित परतफेडीवर मिळालं. बैठकीत एखादी उठून म्हणाली असती, "हप्ते आम्ही फेडले आणि नाव तुझं?" तर सगळाच कागद खोटा पडला असता. कागदावरचा एक आकडा खोटा वाटला की बाया बाकीचे खरे आकडेही मानत नाहीत.

त्याऐवजी आम्ही दुसरं विचारलं. अठरा हजार हे तिच्या सगळ्या कामाचे आहेत, प्रकरणं हा त्यातला एक भाग. तो केवढा? हे तिलाही सांगता येईना. मग तिनं एक महिना रोज रात्री वहीत एकच ओळ लिहिली, आज दिवस कशात गेला. महिन्यात २४ दिवस काम झालं, त्यातले ६ प्रकरणांत गेले. चौथा हिस्सा. म्हणजे वर्षाच्या अठरा हजारांतले ४,५०० प्रकरणांवर खर्च झाले आणि त्यातून बायकांचे ८,७६० वाचले. एका महिन्यावरून वर्ष धरलंय, हे कच्चं आहे, तेही आम्ही कागदावर लिहिलं.

इतक्यावर थांबलो असतो तर छान दिसलं असतं. पण एक शंका राहिली होती. त्याच वर्षी बँकेत साहेब बदलले होते आणि शाखेत मदतीला बँक सखी बसायला लागली होती. मग चकरा कुणामुळे कमी झाल्या, लिपिकेमुळे की बँकेतल्या बदलामुळे? याचं उत्तर आमच्या गावात मिळणं शक्य नव्हतं. ते मिळालं शेजारच्या ग्रामसंघात. त्यांची बँक तीच, साहेब तेच, बँक सखी तीच. पण तिथे प्रकरण आधी तपासायची पद्धत नव्हती. तिथल्या वह्या बघितल्या. त्यांचा मधला आकडा ४ वरून ३ झाला होता.

म्हणजे दोन चकरांपैकी एक बँकेतल्या बदलामुळे कमी झाली असणार. ती सगळ्यांचीच कमी झाली. आमच्या लिपिकेच्या वाट्याला उरली एक. आम्ही प्रकरणाचे दिवसही मोजले होते, बँकेच्या पोचेपासून मंजुरीपर्यंतचे. आमच्याकडे मधला आकडा ४१ दिवसांवरून ३० वर आला होता. शेजारी ४० वरून २९ वर. दोन्हीकडे सारखाच फरक. म्हणून दिवसांचं श्रेय आम्ही पूर्ण सोडलं, ती ओळच खोडली. लिपिकेला वाईट वाटलं. आम्हालाही वाटलं, खोटं कशाला बोलायचं.

तर चकरा निम्म्या धरल्या आणि ८,७६० चे झाले ४,३८०. खर्च ४,५००. म्हणजे १२० रुपयांनी कमीच!

हा कागद बैठकीत ठेवायचा की नाही यावर आमच्यात एक संध्याकाळ वाद झाला. शेवटी लिपिकाच म्हणाली, "ठेवूया. मी तरी शांत मनानं उभी राहीन." कागदावर तिनं जे लिहिलं ते तसंच वाचून दाखवतो:

"या वर्षी ११ प्रकरणं तपासून बँकेत दिली. आधी मधल्या गटाच्या ४ चकरा व्हायच्या, आता २ होतात. शेजारच्या ग्रामसंघात तपासणी न करता ३ होतात, म्हणून एका चकरेचा फरक माझ्या तपासणीचा धरला आहे. त्यातून दोघी-दोघींचे मिळून २२ जणींचे जाणे वाचले, त्यातले १४ दिवस कामाच्या हंगामातले. भाडे आणि रोज मिळून अंदाजे ४,३८० रुपये. या कामाला माझ्या मानधनातले अंदाजे ४,५०० लागले. तीन गटांचे जुने आकडे आठवणीवरून आहेत."

बैठकीत हा कागद वाचला तेव्हा आधी कुणी काही बोललं नाही. मग ज्या अध्यक्षांनी प्रश्न विचारला होता त्यांनीच विचारलं, "हे चौदा दिवस कुणाचे? आमच्या गटाचे आहेत का त्यात?" लिपिकेनं यादी दाखवली. त्यांच्या गटाचे दोन दिवस होते, ऑगस्टमधले. त्या म्हणाल्या, "हां. त्या वेळी मुगाची तोडणी चालू होती." पुढे चर्चा वेगळ्याच वाटेला लागली. एक म्हणाली की खर्च आणि वाचलेले पैसे जवळपास सारखे असले तरी खर्च ग्रामसंघाच्या पेटीतून जातो आणि वाचतात ते बाईच्या पदरात, हे बरंच आहे. दुसरी म्हणाली, प्रकरणाचा हिस्सा कळला, पण उरलेल्या पाऊण मानधनाचं काय?

त्याचं उत्तर आम्ही थोडंफार तयार ठेवलं होतं. लेखापरीक्षक दरवर्षी त्रुटींची यादी देतो. तिच्या ओळी मोजल्या तर आदल्या वर्षी १७ होत्या, या वर्षी ५. हा आकडा मोजायला पाच मिनिटं लागली, कारण तो दुसऱ्यानंच मोजून ठेवला होता. बाकी कामाचा आकडा आमच्याकडे नव्हता आणि तसं आम्ही सांगितलं. शेवटी मानधन एक वर्ष चालू ठेवायचं ठरलं. सोबत एक अट आली. तपासणीची ती यादी प्रत्येक गटाच्या सचिवाला द्यायची आणि शिकवायची, म्हणजे पुढे लिपिकेशिवायही प्रकरण नीट जाईल. लिपिकेनं ते मान्य केलं. आम्हाला जरा धक्काच बसला, कारण त्यात तिचंच काम कमी होणार होतं.

पुढच्या वर्षासाठी तिनं नवीन रजिस्टर केलं नाही. आहे त्याच बैठक वहीच्या मागच्या पानांवर चार रकाने आखले. गटाचं नाव, प्रकरण तिच्या हातात आल्याची तारीख, बँकेत दिल्याची तारीख, आणि चकरांसाठी एक रकाना, ज्यात दर चकरेला एक उभी रेघ मारायची. एका प्रकरणामागे दोन मिनिटं जातात. जे लिहायला याहून जास्त वेळ लागतो ते तिसऱ्या महिन्यात बंद पडतं, हा आमचा अनुभव आहे.

यातला दुसरा रकाना सुरुवातीला नव्हता. तो का आला ते सांगण्यासारखं आहे. चकरा मोजायला लागल्यावर पहिल्या चार महिन्यांत सगळ्या प्रकरणांच्या चकरा बरोबर दोनच झाल्या, एकही तीनची नाही. आम्हाला आनंद होण्याऐवजी संशय आला. चौकशी केली तर एका नव्या गटाचं प्रकरण तिच्या पिशवीत सव्वा महिना पडून होतं. त्या गटाच्या वह्या अर्धवट होत्या, बँकेनं परत पाठवलं असतं आणि तिचा आकडा बिघडला असता, म्हणून ती "आधी सगळं नीट करू" म्हणत थांबली होती. तिनं मुद्दाम वाईट केलं नव्हतं. पण आकडा मोजला जातोय म्हटल्यावर माणूस आकड्याची काळजी घ्यायला लागतो आणि ज्या गटाला सगळ्यात जास्त गरज असते तोच मागे राहतो. म्हणून आता चकरांच्या शेजारी दिवस असतात. चकरा कमी आणि दिवसही कमी असतील तर काम ठीक आहे. चकरा कमी पण दिवस वाढलेले असतील तर प्रकरण कुठेतरी अडकून पडलंय असं समजायचं.

काही जणी म्हणतील, लिपिकेकडे निदान व्हाउचरं तरी होती. आमच्या गटात एक जण चित्रं काढते, तिचं काय? चटणीच्या पाकिटाचं नवीन लेबल एका गटातल्या मुलीनं काढलं होतं, तेव्हा आम्ही हे करून बघितलं. प्रदर्शनात एकाच टेबलावर जुन्या लेबलची आणि नव्या लेबलची पाकिटं ठेवली. चटणी तीच, किंमत तीच. दुपारी दोन्हींच्या जागा बदलल्या, कारण रस्त्याकडची बाजू जास्त खपते. दोन दिवसांत नवी २४ गेली, जुनी १५. गट खूश झाला. आम्ही म्हटलं, आठवडी बाजारात परत एकदा करा. तिथे नवी १९ गेली, जुनी १७. म्हणजे प्रदर्शनातला फरक बराचसा योगायोगाचा असू शकतो, किंवा प्रदर्शनातली गिऱ्हाइकं लेबल बघतात आणि बाजारातली चव विचारतात. इतक्या थोड्या पाकिटांवरून याहून जास्त सांगता येत नाही. पण दुसरं एक सापडलं. "यात तेल कुठलं? किती दिवस टिकते?" असं विचारणाऱ्यांच्या रेघा विक्रीवाल्या बाईनं मारल्या होत्या. जुन्या लेबलच्या पाकिटावर दोन्ही ठिकाणी मिळून २१ वेळा विचारलं गेलं, नव्यावर ६ वेळा, कारण नव्यावर ते मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्या मुलीनं आता "माझ्या लेबलमुळे विक्री वाढली" असं म्हणणं सोडलंय. ती म्हणते, "माझं लेबल गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला उत्तर देतं," आणि रेघांचा कागद दाखवते.

आणि काही कामांना आकडा खरंच लागत नाही. आमच्या लिपिकेकडे एक बाई नवऱ्याच्या निधनानंतर दोन महिने रोज येऊन बसायची. विमा, वारस नोंद, रेशन कार्ड हे सगळं निमित्त होतं. तिला बसायचं होतं. तो वेळ लिपिकेच्या महिन्याच्या नोंदीत "इतर" म्हणून ३ दिवस पडलाय. त्याचे रुपये आम्ही काढले नाहीत. पण तो "इतर" रकाना खोडलाही नाही. बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, "हे तीन दिवस कशाचे?" तेव्हा ती बाईच मागच्या ओळीतून म्हणाली, "माझे."

तुमच्या ग्रामसंघातली जुनी व्हाउचरं कुठे ठेवलीयत ते या आठवड्यात बघून ठेवा. उंदरांनी खाल्ली नसतील तर पुढच्या भागात ती लावायची कशी ते आम्ही सांगू.